मेडिक्लेम चालू राहील

आमच्या आईला माझ्या डिग्रीचं कधी फारसं कौतुक नव्हतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी नेसरीत गल्लीभर पेढे वाटले, आणि आई म्हणाली, "झालं नव्हं एकदाचं? मग आता म्हशीला वैरण घाल." तिला कौतुक वाटलं ते पुढं कितीतरी वर्षांनी, मेडिक्लेमच्या कार्डाचं.

मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत लॅबला होतो. तिथं कामगारांना ईएसआय, म्हणजे सरकारी विमा, आणि त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेल्या आम्हा स्टाफला कंपनीचा मेडिक्लेम. त्यात मी, बायको, मुलगी आणि एका वर्षापासून आई-वडीलही. मी कार्डाची प्रिंट काढून गावी नेली. आईनं ती गडहिंग्लजच्या बाजारात लॅमिनेट करून आणायला लावली आणि देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागं ठेवली. कार्डावर तिचं नाव इंग्रजीत होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत आहे ते तिला पाठ होतं. शेजारणी आल्या की बोट ठेवून दाखवायची. "माजं नाव हाय कंपनीत," म्हणायची, जणू काही सकाळी डबा घेऊन भट्टीवर तीच जात होती.

दर रविवारी फोन केला की जेवलास का, पोरगी कशी आहे, आणि मग तिसरा प्रश्न ठरलेला, "तुजं ते कार्ड चालू हाय न्हवं?"

मी म्हणायचो, चालू आहे.

तिला कार्डाची एवढी काळजी असायचं कारण तिचे गुडघे. उभा जन्म रानात वाकून गेलेला. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा संपली होती, हाडावर हाड घासत होतं. परसात संडास बांधलेला, पण तिथवर जायचं म्हणजे ती भिंत धरून जायची आणि शेवटी तीन पायऱ्या बसून सरकत उतरायची. पावसाळ्यात लुगडं चिखलात भरायचं. ती दिवसभर पाणी प्यायची नाही, का, तर जायला लागू नये म्हणून. हे मला तिनं नाही, वडिलांनी सांगितलं.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या-बिळ्या आता विसरा, गुडघे बदलायचे, आधी उजवा, मग डावा. कंपनीच्या पॉलिसीत जुन्या आजाराला काही वर्षं थांबायची अट नव्हती, म्हणून मंजुरीही आली. पण दाखल व्हायच्या आदल्या दिवशी साखर तपासली तर ती फार वाढलेली. डॉक्टरांनी परत पाठवलं, साखर ताब्यात आणा, मग नवी तारीख देतो. आई एसटीत बसताना मला म्हणाली, "तंवर कार्डाला काय होत न्हाय नव्हं?" मी हसलो. कार्डावरच छापलंय की, म्हणालो, मार्चअखेरपर्यंत. ते खरंच छापलेलं होतं.

मध्यंतरी कंपनीत हे झालं.

भट्टीतून एका वेळी जे लोखंड निघतं त्याला आम्ही हीट म्हणतो. प्रत्येक हीटचा नमुना लॅबला येतो, यंत्रावर ठेवून त्यात काय काय किती आहे ते बघायचं, आणि मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट जातं. त्यावर सही माझी. त्या दिवशीच्या हीटमध्ये फॉस्फरस जास्त आला. मी तीनदा नमुना लावला. फॉस्फरस वाढला की लोखंड ठिसूळ होतं, आणि तो माल होता ट्रकच्या ब्रेक ड्रमचा. क्वालिटीचे साहेब आले आणि म्हणाले, गाडी गेटवर उभी आहे, एक आकडा बदल आणि सही कर. मी म्हटलं, तुम्ही करा सही, तुमचं नाव घाला. ते म्हणाले, लय शहाणा झालायस. मी म्हणालो, शहाणं व्हायलाच बापानं कॉलेजात घातलं होतं.

हे बोलणं मी आजही मागं घेणार नाही. पण ते लॅबमध्ये चार जणांपुढं झालं, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी एचआरकडून बोलावणं. एचआरचे साहेब आमच्यापेक्षा वेगळे. शर्टाला कधी चुणी नाही, आवाज कधी चढायचा नाही, शिपायालाही अहोजाहो. समोर पाण्याचा ग्लास ठेवला, त्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, कामाला नकार, गाडी अडवली, हे सगळं फाईलला लागलंय. चौकशी लावावी लागेल. मी म्हटलं, लावा. ते हसले. म्हणाले, चौकशीत तुमचाही वेळ जाईल, आमचाही, आणि शेवटी काढून टाकल्याचा शिक्का घेऊन दुसरीकडं कुठं जाणार? राजीनामा द्या. सन्मानानं जा.

मी उठायच्या बेतात होतो. तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या आईंचं ऑपरेशन आहे ना?"

त्यांना माहीत होतं, कारण पहिल्या मंजुरीच्या वेळी मी त्यांच्याकडंच गेलो होतो.

"बघा," ते म्हणाले, "काढून टाकलं तर मेडिक्लेम त्याच दिवशी बंद. राजीनामा दिलात तर मेडिक्लेम चालू राहील. वर्षअखेरपर्यंत."

आईच्या ऑपरेशनची नवी तारीख तीन आठवड्यांवर होती. साखर ताब्यात आली होती. मी मनात एवढंच धरलं, की मार्च लांब आहे. आणि कार्डावरही मार्चच छापलंय. मी राजीनामा लिहिला. एक महिन्याच्या नोटिशीचं विचारलं तर म्हणाले, यायची गरज नाही, नोटिशीचा पगार देऊन टाकू, आजच मोकळे व्हा. मला वाटलं, चला, पगार बुडाला नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं माझं ओळखपत्र काढून घेतलं आणि डबा उघडून बघितला, कंपनीचं लोखंड चोरून नेतोय की काय. इतकी वर्षं रोज नमस्कार करणारा माणूस.

रविवारी आईचा प्रश्न आला. नोकरी गेल्याचं मी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. म्हणालो, चालू आहे.

ठरल्या दिवसाआधी ती आणि वडील माझ्याकडं आले. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत ते लॅमिनेट केलेलं कार्ड. मी चार दिवस आधीच दवाखान्याच्या मेडिक्लेम काउंटरवर कागद देऊन ठेवले होते, मंजुरीला पाठवायला. काउंटरवर बसणारा गृहस्थ माझ्याच वयाचा, तोंडात बडीशेप, एका वेळी तिघांशी बोलणारा. आईला दाखल करायला घेऊन गेलो तेव्हा त्यानं संगणकाकडं बघितलं आणि म्हणाला, "पावणं, नामंजूर आलंय."

साखर नॉर्मल आहे, मी म्हणालो.

"साखरेचं न्हवं. नावच न्हाय तुमचं यादीत."

मी कार्ड पुढं केलं. त्यानं ते हातात घेतलं, लॅमिनेशनवर बोट फिरवलं, परत दिलं.

"ही तारीख पॉलिसीची हाय. तुमची न्हवं. नोकरी सोडलीसा काय?"

मी हो म्हणालो. हळूच म्हणालो, कारण मागं बाकावर आई होती. राजीनामा दिलाय, काढलेलं नाही, असंही म्हणालो. ते मी जरा जोरातच म्हणालो असेन.

"राजीनामा द्या न्हायतर हाकलू द्या, सारकंच की," तो म्हणाला. "पॉलिसी कंपनीनं घेतलेली असती. तुमचं नाव तिच्या यादीत. कंपनीनं कळवलं, हा माणूस अमक्या तारखेला गेला, की त्या तारखेपासनं तुम्ही बाहेर. आनि तुमच्या मागनं बायको, पोरं, आई-बा, समदी बाहेर. एकाद्या कंपनीच्या पॉलिसीत वर्षभर ठेवायची सोय असती. पर ती तशी लिवलेली लागती. तुमच्यात न्हाय."

कधीपासून काढलंय, मी विचारलं. त्यानं तारीख वाचली. मी राजीनामा लिहिला, तीच तारीख.

मागून आईनं विचारलं, "काय म्हंतोय त्यो? चालू हाय न्हवं?"

काउंटरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मग तो कागदांत डोकं घालून बसला. त्याचं एवढं चांगुलपण मला आठवतं. मी आईला म्हणालो, मशीन बंद पडलंय त्यांचं.

त्या दिवशी मी कंपनीत गेलो. सिक्युरिटीनं आत सोडलं नाही, म्हणून गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. एचआरच्या साहेबांची गाडी संध्याकाळी बाहेर आली तेव्हा पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी काच खाली केली. आवाज तोच, मऊ.

मी म्हणालो, तुम्ही चालू राहील म्हणाला होता.

"चालूच आहे," ते म्हणाले. "कंपनीची पॉलिसी मार्चपर्यंत चालूच आहे. तुम्ही त्यात नाही."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. गेलेल्या माणसांची नावं दर महिन्याला विमा कंपनीला कळवावीच लागतात. तो नियम आहे. ज्या कुटुंबानं त्या वर्षी एकही क्लेम घेतलेला नाही, त्यांचा उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम कंपनीला परत मिळतो. ते अकाउंट्स बघतं, त्यात वैयक्तिक काही नाही. आणि नोटिशीचा पगार दिला म्हणजे तुम्ही महिनाभर नोकरीत होता असं होत नाही. तुम्हीच त्या दिवशी मोकळे झालात.

आईची पहिली तारीख साखरेपायी हुकली, म्हणून आमच्या नावावर क्लेम नव्हता. म्हणून आम्ही परतावा मिळण्याजोगे होतो. हे मला गाडीच्या काचेपाशी उभं असताना कळलं. मला शिव्या येतात, कोल्हापुरात राहून त्या न येणं शक्य नाही. पण त्या वेळी एकही आली नाही. नुसती शिसारी आली. घरात साप निघाला तर माणूस काठी शोधतो. झुरळ ताटात निघालं तर नुसतं ताट सारतो. तसं झालं मला. काच वर गेली आणि गाडी गेली. टपरीवाला सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "चालू हाय म्हणला व्हय? चालू तर हायच. लय चालू माणूस हाय त्यो."

मी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले आणि हसलो नाही.

घरी सांगावं लागलं.  आईनं फक्त विचारलं, "म्हंजे माजं नाव काढलं कंपनीतनं?" मी म्हणालो, माझं काढलं म्हणून तुझं गेलं. तिनं पिशवीतलं कार्ड काढलं आणि परत पिशवीत ठेवलं. सकाळी नेसरीच्या एसटीत बसताना तिला वर चढवायला मी आणि कंडक्टर दोघे लागलो.

मी हात बांधून बसणाऱ्यातला नाही. विमा कंपनीची शाखा शाहूपुरीतच होती, कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. तिथल्या बाई वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, की कंपनी सोडतानाच का आला नाही? मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीची स्वतःची पॉलिसी घेता येते, तो हक्कच आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरली जातात, म्हणजे जुन्या आजाराला नव्यानं थांबायला लागत नाही, जेवढा काळ काढला तेवढा वजा होतो. पण ते मध्ये खंड न पडता करायचं असतं. आणि प्रीमियम आता तुम्ही भरायचा, कंपनी नाही. तब्येत बघून घेतात. सगळ्यांना घेतीलच असं नाही.

हे मला कंपनीत का सांगितलं नाही, मी विचारलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दादा, मी इथं बसते," त्या म्हणाल्या. "तिथं कोण बसतंय, मला ठाऊक नाही."

त्यांनी अर्ज घेतला, आमचे थोडेच दिवस गेलेत असं वर लिहून शिफारस केली. चांगली बाई. महिन्याभरात उत्तर आलं. मी, बायको, मुलगी आणि वडील, चौघांना घेतलं, आमची मागची वर्षंही धरली. आईला नाही. मधुमेह, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पण न झालेलं ऑपरेशन. नुसत्या नियमानं बघितलं तर विमा कंपनीचं त्यात चुकतही नव्हतं. घराला आग लागलीय हे सांगून कोण आगीचा विमा देईल? माणसाचा राग कुठंतरी जागेवर पडायला लागतो. माझा पडायला जागाच मिळत नव्हती. काउंटरवाला चांगला, बाई चांगली, नियम नियमासारखा. आणि आई परसातल्या पायरीवर बसून सरकत होती.

सरकारी योजनेचंही बघितलं. त्या योजनेतल्या दवाखान्यानं आईच्या वयाला आणि आजाराला गुडघ्याचं हे ऑपरेशन बसत नाही म्हणून सांगितलं. दुसरीकडं विचारा म्हणाले. दुसरीकडंही तेच.

मग एक दिवस एचआरच्या साहेबांचा फोन आला. आवाज मऊ. म्हणाले, तुमच्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतंय. तुमच्यासारखा माणूस लॅबला परत हवाय. माल तेव्हा गेला, आता त्या ब्रेक ड्रमचं गिऱ्हाईक त्या हीटसकट मागच्या काही हीटची सर्टिफिकेट मागतंय, आणि त्या दिवसांत सहीचा अधिकार तुमच्याकडंच होता. नव्या माणसाची सही चालत नाही. तुम्ही परत रुजू व्हा, तेवढी चार सर्टिफिकेट हातावेगळी करा, आकडे क्वालिटीनं भरून ठेवलेत. नाव परत यादीत घालायला काही लागत नाही. पुढच्या यादीत घालून देऊ, आई-वडिलांसकट.

"मग आईंचा मेडिक्लेम चालू," ते म्हणाले.

तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला, हे मला आजही खरं वाटत नाही. जिभेला काहीच कसं लागलं नाही?

ते म्हणत होते त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. माणूस रुजू झाला की त्याचं नाव घालता येतं, गेला की काढता येतं. हे पाणी सोडल्या-बंद केल्यासारखं होतं आणि चावी एका चुणी नसलेल्या शर्टाच्या खिशात होती. चार सह्या. मी गावी गेलो. वडिलांना विचारायला गेलो होतो असं मी स्वतःला सांगत होतो.

वडील रानात होते. आई सोप्यावर बसून शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, लपवून काही नाही. फॉस्फरस म्हणजे काय तेही सांगितलं, घाटात ट्रकचा ब्रेक ड्रम फुटला तर काय होतं तेही. मला वाटलं होतं, ती म्हणेल, पोरा, असलं काही करू नकोस. आयांनी असंच म्हणायचं असतं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

ती म्हणाली, "कर की सही."

मी म्हटलं, आई, त्यात माणसं मरतील.

"मरतील का न्हाई ते तुला काय ठावं? आनि मी? मी काय करतेय?" शेंगा फोडायचं तिनं थांबवलं नाही. "तुला शिकवलं तवा वाटलं हुतं, पोरगं मोट्टं हुईल, आमास्नी काय तरी हुईल. तुज्या शिक्षणापायी माजं गुडघं ऱ्हायलं. आमच्या भावकीतला त्यो न शिकलेला, त्येनं आईचं डोळं करून आणलं मिरजेला. त्याला न्हाय आडवं आलं कुटलं फॉस्फरस."

तिनं तो शब्द बरोबर उच्चारला. एकदाच ऐकून.

मी तिथून उठलो आणि परसाकडं गेलो. त्या तीन पायऱ्या बघत उभा राहिलो. मधल्या पायरीचा दगड बसून सरकून गुळगुळीत झाला होता.

मी सही केली नाही. परत आल्यावर एचआरच्या साहेबांना फोन करून सांगितलं, त्या हीटचे आकडे यंत्रात आहेत, ते जसे आहेत तसे छापा, मी येऊन सही करतो. ते म्हणाले, तुमच्या आईंसाठी वाईट वाटतं. मी म्हणालो, माझ्या आईचं नाव तुमच्या तोंडात घेऊ नका. त्यानंतर कोल्हापुरात येतात त्या सगळ्या शिव्या आल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला तरी थोडा वेळ येतच होत्या. बायकोनं मुलीला आतल्या खोलीत नेलं.

सही केली नाही हे मी अभिमानानं सांगतो. पण आई बरेच महिने फोनवर माझ्याशी बोलली नाही, हेही सांगायला पाहिजे. फोन वडील घ्यायचे. मागून तिचा आवाज यायचा, म्हशीशी बोलत असलेला.

पेठ वडगावच्या बाजूला एका कारखान्यात लॅबची जागा होती. पगार बरा, साहेब बरे, जवळजवळ ठरलं होतं. मी विचारलं, मेडिक्लेममध्ये आई-वडील घेता का? नाही, म्हणाले, नवरा-बायको आणि पोरं फक्त. मी उठलो. साहेबांना वाटलं पगार कमी पडला, ते वाढवायला लागले. मी नुसता नमस्कार करून आलो.

शेवटी आधीच्यापेक्षा लहान एका फाउंड्रीत लागलो. पगार कमी, भट्टी जुनी. तिथं एचआरला एक पोरगी होती, नुकती शिकून आलेली. तिच्यापुढं बसून मी पगाराचं बोलायच्या आधी विचारलं, आई-वडील आहेत का, रुजू झाल्याच्या दिवसापासून आहेत का, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरता का, साखर आणि गुडघे. आणि मी गेलो तर कुठल्या तारखेला बंद होतं. ती म्हणाली, सर, अजून तुम्ही आला नाहीत आणि जायचं विचारताय? मी म्हणालो, ताई, ते पहिल्यांदा विचारायचं असतं. तिनं पॉलिसीचा कागद काढून मला स्वतःला वाचायला दिला. पहिल्या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. नोकरी संपल्याच्या तारखेला कव्हर संपेल, सभासदाचं आणि त्याच्या कुटुंबाचं, कारण काहीही असो, हेही होतं. इंग्रजीत, दोनच ओळी. या दोन ओळी मला आधीच्या ठिकाणी कुणी दाखवल्या नव्हत्या, आणि मी ग्रॅज्युएट असून मागितल्या नव्हत्या.

पुढं आईचा उजवा गुडघा झाला. शाहूपुरीतला तोच दवाखाना, काउंटरला तोच गृहस्थ, तोंडात तीच बडीशेप. मंजुरी आली तेव्हा तो मला म्हणाला, "पावणं, ह्या खेपंला मशीन चालू हाय." आई बाकावर होती. तिला त्यातलं काही कळलं नाही, किंवा सगळं कळलं.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं केलं. फिजिओवाली मुलगी म्हणत होती, आजी, टाच आधी टेका. आई शिव्या देत होती, त्या मुलीला, वॉकरला, गुडघ्याला. पण पाय टाकत होती. खिडकीपाशी जाऊन टेकली आणि खालचा रस्ता बघत राहिली. मग माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं. इतक्या महिन्यांत ती स्वतःहून माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"डावा कवा करायचा?"

सहा महिन्यांनी, मी म्हणालो.

"तंवर हे कार्ड चालू ऱ्हाईल नव्हं?"

मी तिला खरं सांगितलं. "मी कामावर हाय तंवर."

तिनं खिडकी सोडली. वॉकर वळवून घेतला, टाच आधी टेकली.

"मग गप सह्या करत जा," आई म्हणाली.